चौथ्या पानाचा फोटो काळा आला आहे

ताई, नमस्कार.

आईंच्या वहीचे सातही फोटो मिळाले. त्यातला चौथा, IMG_4417.jpg, पूर्ण काळा आहे. अक्षर, ओळ, पानाची कड, काहीच दिसत नाही. बहुधा चुकून भलताच फोटो जोडला गेला असावा. त्या पानाचा फोटो पुन्हा पाठवाल का?

माझ्याकडेच काही बिघडलं नाही ना, ते आधी तपासलं. फाइल पुन्हा डाउनलोड केली, फोनवर आणि कॉम्प्युटरवर उघडून पाहिली. मग ब्राइटनेस अगदी टोकापर्यंत वाढवला. कमी उजेडात काढलेल्या फोटोत असं केलं की पुसट अक्षरं कधीकधी वर येतात. इथे नुसते रंगीत ठिपके आले, आणि ते कॅमेऱ्याचे असतात, कागदावरचे नव्हेत. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात किंचित तांबूस छटा आहे. ती कशाची, हे फोटोवरून सांगता येत नाही, म्हणून मी तिचा काही अर्थ लावत नाही. बाकीच्या फाइली तीन एमबीच्या आसपास आहेत आणि ही दोनशे केबीसुद्धा नाही. फोटोत तपशीलच नसला की फाइल अशी लहान होते. जेपीईजीमध्ये उजेडाच्या ० ते २५५ अशा पायऱ्या असतात. जे शून्यावर गेलं ते कुठल्याही अ‍ॅपने परत येत नाही.

हे एवढं सविस्तर लिहिण्याचं कारण आहे. तिसऱ्या पानाची शेवटची ओळ 'डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं आणि' इथे तुटते. पाचवं पान 'म्हणून मग मी नोकरी सोडली' इथून सुरू होतं. मधे काय घडलं असेल, याचा अंदाज कुणीही बांधेल; वाचताना माझ्याही मनात आला. पण तो मी टाइप केलेला नाही आणि करणारही नाही. आईंच्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट माझ्या शब्दांत त्यांच्या नावावर जायला नको. उद्या घरातल्या मुलांनी ते वाचलं, तर त्यांना ते आजीचंच वाटेल.

बाकीची सहा पानं टाइप करून सोबत जोडली आहेत. चौथ्या पानाच्या जागी एवढंच लिहिलं आहे: 'पान ४ : मिळालेला फोटो काळा आहे, मजकूर वाचता आलेला नाही.' सहाव्या पानावरच्या दोन शब्दांपुढे प्रश्नचिन्ह आहे, तेवढे मूळ वहीत पाहून सांगा.

पुन्हा फोटो काढताना वही खिडकीजवळ धरा, आणि पाठवण्याआधी गॅलरीत एकदा उघडून बघा. ते पान वहीतून निघून गेलं असेल, तर तसंही कळवा. मग 'फोटो काळा आहे' ही नोंद काढून 'पान वहीत नाही' असं लिहीन.