पिंपळावरचा पतंग

पतंग पिंपळात अडकला तेव्हा ओम शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर होता. संक्रांतीची दुपार होती आणि लालबागच्या आभाळात पाय ठेवायला जागा नव्हती. पेच लागला होता. ओमने ढील द्यायच्या ऐवजी खेच मारली आणि दोरी हातात हलकी झाली. ‘गुल’ झालेला पतंग कुणीतरी पकडून नेला असता तर त्याला एवढं वाईट वाटलं नसतं. पण तो गिरक्या घेत खाली आला आणि त्यांच्याच चाळीच्या अंगणातल्या पिंपळाच्या शेंड्यात जाऊन बसला. दिसत होता, मिळत नव्हता.

हा दुकानातला पतंग नव्हता. आजोबांनी चार संध्याकाळी बसून बनवला होता. बांबूची कामटी काचेच्या तुकड्याने तासली, कमान दिव्यावर शेकून वाकवली, मैद्याची खळ शिजवली. वर लाल, खाली पिवळा आणि शेपटाशी काळा त्रिकोण. कणी बांधताना तर त्यांनी ओमला श्वाससुद्धा घेऊ दिला नव्हता.

“आजोबा, मी चढतो.”

“पिंपळावर?” आजी आतून ओरडली. “मुंजा असतो त्यावर.”

“मुंजाचं राहू दे,” आजोबा म्हणाले. “शेंड्याची फांदी मनगटाएवढी आहे. ती तुझं वजन घेणार नाही.”

ते गॅलरीच्या कठड्याला टेकून वर बघत राहिले. ओम पतंगाकडे बघत होता. आजोबा मात्र दोरीकडे बघत होते. पतंगाच्या कणीपासून निघून ती दोन फांद्यांवरून गेली होती आणि पुढचा लांब तुकडा खाली लोंबत वाऱ्यावर हलत होता.

“तो मांजा काढला पाहिजे,” ते म्हणाले.

“आणि पतंग?”

“पतंगही येईल त्याच्याबरोबर.”

गेल्या वर्षी याच झाडावर एक घार लटकली होती. नायलॉनचा मांजा पंखात रुतला होता. अग्निशमन दलाची माणसं शिडी घेऊन आली, घारीला कापडात गुंडाळून परळच्या जनावरांच्या हॉस्पिटलात नेलं. पुढे तिचं काय झालं ते कुणाला कळलं नाही. त्या नायलॉनवर 2017 पासून बंदी आहे, तरी संक्रांत आली की कुठून तरी येतोच. ओमची दोरी सुती होती, आजोबा दुसरी घरात येऊच देत नसत. पण घारीला काय कळतंय सुती की नायलॉन.

ओमने लंगर टाकून पाहिला. दोरीला दगड बांधून फेकायचा आणि अडकलेला पतंग ओढायचा. दगड पहिल्या मजल्याच्या वर जाईना. एकदा गेला तो थेट मारुतीच्या पाराशेजारी उभ्या स्कूटरवर पडला आणि तो प्रयोग तिथेच थांबला.

“तिसऱ्या मजल्यावरून हात पोचेल,” आजोबा शेवटी म्हणाले. मग थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

तिसऱ्या मजल्याचं टोक म्हणजे गावडे आजोबांची खोली. पिंपळाचा शेंडा त्यांच्याच गॅलरीसमोर होता. आणि गावडे आजोबांशी आजोबा बोलत नसत. ओमच्या जन्माच्या आधीपासून बोलत नसत. बाबांच्याही जन्माच्या आधीपासून. आजी आणि गावडेकाकू मात्र एकमेकींकडे वाटी-वाटी साखर मागत, एकत्र पापड लाटत. जिन्यात दोन म्हातारे समोरासमोर आले की एकजण भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, दुसरा पुढे जायचा. कुणी थांबायचं याचाही काहीतरी नियम असावा, कारण कधी धक्का लागला नाही.

कारण चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. दोघे एकाच गिरणीत, एकाच साचाखात्यात, शेजारशेजारच्या साच्यांवर. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर आली. आजोबा पावसाळ्यात कोकणात गावी गेले, भाताच्या शेतात राबले, परत आले, पुन्हा गेले. वर्ष उलटल्यावर एके सकाळी गावडे आजोबा पोलिसांच्या गाडीत बसून गिरणीत गेले. त्यांची मुलगी आजारी होती असं गावडेकाकू म्हणत. आजारी सगळ्यांच्याच घरी कुणी ना कुणी होतं असं आजोबा म्हणत. संप कधी मागे घेतलाच गेला नाही आणि त्या गिरणीच्या जागी आता काचेचा टॉवर आहे. न बोलणं तेवढं शिल्लक राहिलं.

“आत्ता जायचं?” ओमने विचारलं.

“आत्ता नाही. आत्ता वारा समुद्राकडून आहे, शेंडा पलीकडे वाकलाय. सकाळी वारा जमिनीवरून येतो. तेव्हा पतंग गॅलरीकडे झुकेल.” जाणं रात्रभर लांबलं याचं त्यांना बरंच वाटलं असावं.

सकाळी साडेसातला ओम तयार होता. शाळा दुपारची होती. आजोबांनी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, एका वाटीत उरलेली खळ घेतली आणि खिशात कागदाचा लाल तुकडा. फिरकी ओमकडे. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर ते दारापासून दोन हात लांब उभे राहिले.

“तू बोल.”

गावडे आजोबा बनियनवर पेपर वाचत होते. त्यांनी आधी ओमकडे, मग त्याच्या मागे पाहिलं.

“पतंग अडकलाय,” ओम म्हणाला.

“कालपासून बघतोय. रात्रभर फडफड चालली होती. झोपू दिलं नाही.” ते उठले आणि गॅलरीच्या छताला टांगलेला बांबू सोडवू लागले. गणपतीच्या मांडवाचा होता, चांगला लांब. तरी फांदी त्याच्याही पुढे दोन हात राहिली.

“त्याला सांग, कपड्यांची काठी जोडावी लागेल,” आजोबा दाराबाहेरून म्हणाले.

ओमने गावडे आजोबांकडे पाहिलं. ते हातभर अंतरावर होते, सांगायची गरज नव्हती. पण ते वाट बघत होते. म्हणून त्याने सांगितलं.

“तुझ्या आजोबांना सांग, मला दिसतंय.”

गावडे आजोबांनी सुंभ काढून दोन काठ्या बांधल्या. टोकाला तारेच्या हँगरची आकडी केली. आजोबा हळूहळू दाराच्या आत, मग खोलीत, मग गॅलरीत आले. बांधलेल्या जागी त्यांनी बोट लावून पाहिलं.

“त्याला सांग, ढिली आहे.”

“त्याला सांग, बांधून बघ म्हणावं.”

आजोबांनी सुंभ सोडला, पुन्हा बांधला, पायाने काठी दाबून घट्ट आवळला. गावडे आजोबांनी तो ओढून पाहिला आणि काही बोलले नाहीत. यात ओमची शाळा बुडेल की काय असं वाटायला लागलं होतं.

वारा खरंच फिरला होता. पिंपळाची पानं गॅलरीकडे तोंड करून सळसळत होती आणि पतंग आत-बाहेर हलत होता. कमान शाबूत दिसत होती. बांबूचं बूड गावडे आजोबांनी काखेत धरलं, मधला भाग आजोबांनी कठड्यावर पेलला. आकडी दोरीला लागली आणि ओमने जोरात खेचलं.

“अरे!” दोघे एकदम ओरडले.

“खेचायचं नाही,” आजोबा म्हणाले. “तार ताणली की तुटते. काठी फिरव. दोरी काठीवर गुंडाळली जाईल.”

“बॉबिनसारखी,” गावडे आजोबा म्हणाले. हे त्यांनी ओमला सांगितलं की कुणाला, ते नीट कळलं नाही.

ओम दोन्ही तळहातांत बांबू धरून फिरवू लागला. ताक घुसळताना आजी रवी फिरवते तसा, फक्त एकाच दिशेने. टोकाशी दोरीचे वेढे दिसायला लागले. एक पान सुटून खाली गेलं. एक बारीक फांदी वाकली, वाकली आणि झटक्यात सरळ झाली. पतंग सुटून काठीच्या टोकाला लोंबायला लागला.

“आता मागे. हळू. माझ्याकडे नको बघू, पतंगाकडे बघ.”

पतंग कठड्यावरून आत आला तेव्हा पिवळ्या भागात बोटभर फाटला होता. बाकी सगळं ठीक. ओमने त्याला दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि त्याच्या दृष्टीने काम संपलं. आजोबांनी मात्र बांबू सोडला नाही. आकडी पुन्हा पुढे गेली, फांद्यांत राहिलेली दोरी धरली, पुन्हा फिरली. लोंबणारा तुकडा वर आला. मग ते खाली मांडी घालून बसले आणि दोरी सोडवत अंगठा नि करंगळीभोवती आठाच्या आकड्यासारखी गुंडाळू लागले. एका जागी ती पिंपळाच्या सालीवर घासून पिंजली होती. आजोबांनी तेवढाच भाग दातांनी तोडून टाकला. दोन टोकं उरली.

गावडे आजोबांनी हात पुढे केला. त्यांची बोटं एरवी थरथरायची, चहाची बशी आपटायची. पण दोन टोकं त्यांनी अंगठ्याखाली एकमेकांवर ठेवली, एक वेढा नखामागून गेला, टोक आत सरकलं आणि गाठ पडली. ओमला मधलं काही दिसलंच नाही. गाठ तांदळाच्या कणीएवढी होती.

आजोबांनी ती नखावरून ओढून पाहिली. मग दोन्ही बाजूंनी ताणली.

“त्याला सांग,” ते म्हणाले आणि घसा खाकरला. “सांग, सुटत नाही.”

“त्याला सांग, साच्यावर सुटली असती तर जॉबरने जिवंत ठेवलं असतं का?”

आजोबा हसले नाहीत, पण नाकातून आवाज आला.

तेवढ्यात गावडेकाकू आतून डबा घेऊन आल्या. त्यांनी ओमच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला, मग आजोबांच्या. “तिळगूळ घ्या, गोड बोला.”

आजोबा लाडवाकडे बघत राहिले. परत द्यावा तर काकूंचा अपमान, रथसप्तमीपर्यंत कुणी तिळगूळ नाकारत नाही. “घेतो वहिनी,” ते म्हणाले. “बोलायचं बघू.” आणि अख्खा लाडू तोंडात टाकला, म्हणजे पुढचं काही बोलता येऊ नये.

फाटलेल्या जागी लाल तुकडा खळ लावून चिकटवला. पिवळ्यावर लाल, ओमला आधीपेक्षा बरा दिसला. वाळायला अर्धा तास लागणार होता. तो पतंग दोन्ही हातांवर आडवा धरून जिन्याकडे निघाला, आजोबा गुंडाळलेली दोरी हातात घेऊन त्याच्या मागे. चार पायऱ्या उतरले असतील.

“ए तात्या! फिरकी राहिली की रे इथंच!”

आजोबा थांबले. भिंतीकडे तोंड करायला या वेळी समोर कुणी नव्हतं.

“जा, घेऊन ये,” ते ओमला म्हणाले.

“आजोबा, त्यांनी तुम्हाला हाक मारली.”

“ऐकलं मी. बहिरा नाही झालो अजून.”

ओमने हातातला पतंग थोडा वर केला. खळ ओली होती, तो खाली ठेवता येत नव्हता. आजोबांनी ते पाहिलं, काहीतरी पुटपुटले आणि कठडा धरून एक-एक पायरी वर चढायला लागले.