सोमवारपासून रविवारपर्यंतची रात्रीची जेवणं

अगं सोनू, फोटो मिळाला. मोठा करून कोपरा न् कोपरा पाहिला. फ्रिजचं दार पूर्ण उघडून आणि भाज्यांची टोपली शेजारी ओढून काढलास ते फार बरं केलंस. रोज संध्याकाळी दमून आल्यावर 'आज काय करू' हा प्रश्न तुला किती छळतो ते परवा फोनवर तुझ्या आवाजातच कळलं. पुढचा आठवडा तरी तो तुझ्या डोक्यावर नको.

क्रम लावताना कशाची इच्छा होईल हे धरलेलं नाही, आधी काय खराब होईल ते धरलंय. म्हणून पालक सोमवारी आणि बटाटे रविवारी. दिवस बदलावासा वाटला तर शुक्रवारनंतरचे बदल, त्याआधीचे नको. तांदूळ, तूरडाळ, कणीक आणि काबुली चणे डब्यांत आहेत असं धरून चालले आहे. नसतील तर आज रात्रीच सांग.

आधी आज करायची चार कामं, वीस मिनिटांत होतील.

पालकाची पिशवी सोड. आतून पाण्याचे थेंब दिसतायत आणि दोन-तीन पानांच्या कडा पिवळ्या पडल्यात. तेवढी पानं काढून टाक, बाकीची न धुता कोरड्या कापडात सैल गुंडाळून डब्यात ठेव. ओल राहिली तर उद्यापर्यंत त्याचा चिखल होईल. टोपलीतली केळी बाहेर काढून वेगळी ठेव. पिकताना त्यांतून निघणाऱ्या वायूने शेजारच्या भाज्याही लवकर पिकतात. कांदे आणि बटाटेही वेगळे कर. एक बटाटा बाजूने हिरवा झालेला दिसतोय, तो सरळ टाकून दे. दोन बटाट्यांना बारीक कोंब आहेत, पण बटाटे कडक असतील तर कोंब खोलवर कोरून काढ आणि वापर.

वरच्या कप्प्यात ताटलीने झाकलेलं पातेलं आहे, त्यात काय आहे ते फोटोत दिसत नाही. गुरुवारच्या आधीचं शिजवलेलं असेल तर वास घेत बसू नकोस, टाकून दे. वास चांगला आला म्हणजे पदार्थ चांगला आहे असं नसतं.

सोमवार. पालकाची डाळ आणि भात. डाळ कुकरला लाव. दुसरीकडे कांदा-लसूण परतून त्यात टोपलीतले ते दोन मऊ पडलेले टोमॅटो घाल, ते आणखी थांबणार नाहीत. मग चिरलेला पालक, तो बसला की डाळ. पालक शेवटी घालायचा, झाकण न ठेवता, म्हणजे रंग राहील. भात मात्र दुपटीने लाव. उरणारा भात पातेल्यात तसाच ठेवू नकोस. ताटात पसरून निववायचा आणि तासाभरात झाकून फ्रिजमध्ये. शिजलेला भात बाहेर तासन् तास राहिला की त्यात वाढणाऱ्या जिवाणूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. हे एवढं माझं नक्की ऐक.

मंगळवार. मशरूम आणि कालचा भात. मशरूमचं पाकीट अख्खं संपवायचं, अर्धं ठेवलंस तर ते चिकट होईल. कढई चांगली तापव, मशरूम पसरून घाल आणि दोन मिनिटं हलवूच नकोस. पाणी सुटून आटलं, कडा तांबूस झाल्या, की मग मीठ. आधी मीठ घातलंस तर ते परतले जाण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात उकडतात. त्यात एक गाजर आणि सुरकुतलेली ढोबळी मिरची बारीक चिरून, बाजूला दोन अंडी फोडून ढवळ आणि वरून गार भात मोकळा करून घाल. गार भाताची शितं सुटी राहतात, ताज्याची राहत नाहीत. भात वाफाळेपर्यंत परत.

बुधवार. पनीर. पाकिटावर शुक्रवारची तारीख वाचता येतेय, म्हणून ते बुधवारीच. उरलेली टवटवीत ढोबळी मिरची, दोन कांदे, आलं-लसूण आणि तीन चमचे दही. गॅस बारीक करूनच दही घाल, नाहीतर फाटेल. सोबत पोळ्या. कंटाळा आला तर कणीक सकाळीच मळून ठेव.

गुरुवार. तुझी मीटिंग आठपर्यंत आहे म्हणालीस, म्हणून हा दिवस सगळ्यात हलका, सूपचा. तीन गाजरं, दोन टोमॅटो, एक कांदा, एक बटाटा कुकरमध्ये दोन शिट्ट्या, मग मिक्सरमधून फिरवून मिरपूड. गरम असताना मिक्सरचं भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नकोस, वाफेने झाकण उडतं आणि हात भाजतो. फ्रिजवर ठेवलेला ब्रेड भाजून घ्या आणि दोन अंडी उकडा. झोपण्याआधी दोन वाट्या काबुली चणे भरपूर पाण्यात भिजत घाल. हे विसरलीस तर शुक्रवार फसेल, म्हणून आत्ताच मोबाईलवर गजर लाव.

शुक्रवार. चणे, उरलेला एक टोमॅटो, कांदा, आलं. चणे बोटांत दाबले की पीठ व्हायला हवेत, तोवर शिजव. मसाला घालायच्या आधी निम्मे चणे काढून, निववून डब्यात ठेव, उद्याला लागतील. खालच्या कप्प्यातला अर्धा कोबी प्लास्टिकमध्ये आहे, त्याची कापलेली कड काळवंडली असेल तेवढीच चकती काढ. त्यातला निम्मा अगदी बारीक चिरून, उरलेलं गाजर किसून, लिंबू आणि मीठ. पोळी किंवा भात, जे सोपं वाटेल ते.

शनिवार. दोन बटाटे उकडून कालच्या चण्यांसोबत जाडसर कुस्कर. उरलेला कोबी चिरून, मीठ लावून दहा मिनिटांनी घट्ट पिळून त्यात घाल. पिळायचं राहिलं तर टिक्क्या तव्यावर सुटतील. कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्याही घे, चव त्यांतच आहे. चपट्या टिक्क्या थोड्या तेलात दोन्हीकडून खरपूस, सोबत उरलेलं दही. त्या दिवशी घरी कोणी आलं तरी सहज वाढता येईल.

रविवार. उरलेले तीन बटाटे आणि दोन रताळी. फोडी करून तेल-मीठ-मिरपूड चोळून ओव्हनमध्ये, नाहीतर जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर. वर उरलेल्या दोन अंड्यांचं ऑम्लेट, कांदा आणि असेल तेवढी कोथिंबीर घालून. अंडी जुनी वाटली तर पाण्यात सोडून बघ. तळाशी आडवी पडली तर ताजी, तरंगलं ते वापरू नकोस.

या सगळ्यात विकत आणायचं फक्त दूध. ब्रेड गुरुवारपर्यंत टिकेल असं वाटत नसेल तर आजच फ्रीजरमध्ये टाक, तुकडे तसेच टोस्टरमध्ये घालता येतात.

दुधी मी कुठेही धरला नाही, कारण तो अख्खा आहे आणि आणखी आठवडाभर सहज राहील. एखाद्या दिवशी जेवायला कोणी जास्तीचं आलं तर दुधी घालून डाळ वाढवता येईल.

पुढच्या रविवारी असाच फोटो पाठव. तेव्हा डब्यांचं कपाट पण उघडून काढ, म्हणजे मला अंदाजाने लिहावं लागणार नाही. आणि मंगळवारी मशरूम कसे झाले ते कळव.

मावशी