पाणीकपात: सर्व सदनिकाधारकांसाठी सूचना

सोमवारपासून पाणी सकाळी ६ ते ८ आणि संध्याकाळी ६ ते ७ सोडले जाईल. टँकर मिळण्याची खात्री नाही, म्हणून आहे तेच पुरवायचे आहे.

सर्वात जास्त पाणी फ्लशमधून नकळत जाते. आजच तपासा: टाकीत खायच्या रंगाचे ५-६ थेंब टाका, २० मिनिटे फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचे रबर झिजले आहे. ते लगेच बदला. पाणी वरच्या नळीतून वाहत असेल तर फ्लोट खाली घ्या. जुन्या मोठ्या टाकीत भरलेली एक लिटरची बाटली ठेवा, मात्र फ्लोटला अडू देऊ नका.

शॉवर बंद, आंघोळ एका बादलीत. आरओच्या नळीखाली बादली ठेवा. ते पाणी फरशी आणि संडासासाठी वापरा. त्यात क्षार जास्त असतात, कुंड्यांना रोज नको. कुंड्यांना भाजी-तांदूळ धुतलेले पाणी द्या.

कालचे पाणी शिळे म्हणून कृपया ओतू नका. झाकलेले पाणी चांगलेच असते. पाणी गेल्यावर नळ उघडा राहिला नाही ना, बाहेर पडताना नक्की बघा. गाड्या ओल्या फडक्याने पुसा, पाइप लावू नका.

– व्यवस्थापन समिती