बापूंच्या निरोपाला, प्रत्येकी एक मिनिट

(३१ मे, संध्याकाळी चार. सेक्शन ऑफिसचा व्हरांडा, हर्णै. लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून माइक ठेवलेला नाही, मोठ्यानं बोलायचं. कागद बघून वाचलं तरी चालेल. मिनिटाच्या वर कुणी गेलं तर बापू स्वतःच उठून चहा आणायला निघतील, हे ध्यानात असू द्या.)

सुरुवातीला, मी:

बापू, काकी, नमस्कार. शाळेत नाव घालताना मास्तरांनी बापूंची जन्मतारीख १ जून लावून टाकली. त्यामुळे आमचा सगळ्यात जुना वायरमन ऐन पावसाच्या तोंडावर रिटायर होतोय. मास्तर आज असते तर मी त्यांच्याशी दोन शब्द बोललो असतो. चौतीस पावसाळे बापूंनी आम्हाला दिले, पस्तिसावा मास्तरांनी नेला. बापू, त्या चौतिसांबद्दल मनापासून आभार. आता साहेब.

साहेब:

मी इथं नवीन आलो तेव्हा आपली लाइन पहाटेच ट्रिप व्हायची. पाऊस नाही, वारा नाही, मला काही उलगडेना. बापू पोलावरून उतरले आणि चिनी पुसलेलं फडकं माझ्यापुढं धरून म्हणाले, "साहेब, चाटून बघा." मी चाटलं. खारट! समुद्रावरच्या वाऱ्यानं चिनीवर मिठाचा थर बसतो, पहाटेच्या दवानं तो भिजला की करंट चिनीवरूनच वाट काढतो. हे मी परीक्षेत लिहून पास झालो होतो, पण कळलं त्या दिवशी. बापू, कागदावर मी तुमचा साहेब होतो, पण शिकलो तुमच्याकडूनच. आभारी आहे.

उपकेंद्रातल्या ताई:

३ जून २०२०. निसर्ग वादळाची तारीख इथं कुणाला सांगायला नको. माड, सुपारी, पोल, सगळं एकाच दिवशी आडवं झालं होतं. फोन बंद. काकी रोज चालत उपकेंद्रावर यायच्या आणि एवढंच विचारायच्या, "आज कुठच्या पोलावर आहेत?" मी सांगायचे, त्या डबा ठेवून परत जायच्या. घराची कौलं उडाली होती, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मला ते पंधरा दिवसांनी दुसऱ्याच कुणाकडून कळलं. म्हणून माझे आभार आधी काकींना. बापू, तुम्हालाही, पण नंतर.

धाकटा वायरमन:

मला बोलायची सवय नाही. एकच सांगतो. गेल्या गणपतीत मी परमिट घेतलं, लाइन बंद म्हणून शिडीला हात लावला. बापूंनी मागून पँटचा पट्टा धरला. "आधी रॉड लाव." मी म्हटलं, "बापू, बंद आहे." "लाव." अर्थिंगचा रॉड तारेला टेकवला आणि चर्रकन ठिणगी उडाली. कुठल्यातरी लॉजचा जनरेटर उलटा करंट मारत होता. बापू ओरडले नाहीत. बिडी पेटवली आणि म्हणाले, "आता चढ." हे मी घरी सांगितलेलं नाही. आई, तू तिथं मागं बसलीयस, आज पहिल्यांदाच ऐकतेयस. घाबरू नकोस. बापू, थँक्यू.

बिलिंगवाल्या दादांचं एवढंच:

माझ्या तक्रार रजिस्टरात लोक काय तक्रार आहे ते लिहीतच नाहीत. नुसतं लिहितात, "बापूंना पाठवा." उद्यापासून त्यांना काय सांगायचं, ते तुम्हीच ठरवून जा. आभार.

(इथं शाल-श्रीफळ. फोटोला काकींना पुढं घ्या, त्या मागं सरकतील. मग बापूंना बोलायला लावायचं. ते नको म्हणतील. तरी.)

बापू:

बसा रे, उभे कशाला. साहेब, ताई, सगळ्यांचा आभारी आहे. पोरा, तुझ्या आईची मी माफी मागतो. मी सांगायला हवं होतं. हिचे आभार घरी जाऊन मानतो, इथं ती लाजेल. नवे हातमोजे कपाटात वरच्या खणात तसेच पडलेत. जपून ठेवायला ते सोनं नव्हे, बाहेर काढा. आणि बंदरावरच्या डीपीवर माडाची झावळी टेकायला आलीय. आजच तोडणार होतो, पण तुम्ही हार घालून बसवलंत. उद्या सकाळी तोडा, परमिट घेऊन. आणि रॉड लावून.