बिलाच्या तारखेबाबत

नमस्कार शेठ,

टॉवेल-चादरींच्या बिलावर ३१ मार्च टाका, हा तुमचा निरोप मिळाला. वर्षअखेरीची तुमची ओढाताण कळते, पण हे माझ्याकडून होणार नाही. माल अक्कलकोट रोडच्या कारखान्यातून ४ एप्रिलला निघाला. ई-वे बिलावर, बिल्टीवर तीच तारीख आहे. मागची तारीख घातली तर उद्या तपासणीत तुमचंच क्रेडिट अडकायचं, आणि इतक्या जुन्या गिऱ्हाइकाला त्या फेऱ्यात घालणं मला पटत नाही.

ॲडव्हान्स मात्र मार्चमधलाच. त्याची २७ मार्चची पावती आणि खातेउतारा सोबत जोडलाय, तुमच्या सीएंना दाखवा. त्यांना काही विचारायचं असेल तर थेट मला फोन करू द्या. पुढच्या खेपेला ऑर्डर फेब्रुवारीतच द्या, माल मार्चमध्येच काढतो.

आपला,
चाटी गल्ली, सोलापूर