साठवण व वाहतूक सेवेच्या दर्जाचा करार
(मूळ सेवा कराराचे परिशिष्ट ‘ब’)

हा करार सांगली येथे दिनांक 22 सप्टेंबर 2025 रोजी करण्यात आला. एका बाजूस सांगलीच्या मार्केट यार्डात हळद व बेदाण्याची खरेदी, प्रतवारी व विक्री करणारी भागीदारी पेढी (यापुढे ‘पेढी’) आणि दुसऱ्या बाजूस कुपवाड औद्योगिक वसाहतीत कोरडे गोदाम व मिरज औद्योगिक वसाहतीत शीतगृह चालवून मालाची वाहतूक करणारी खासगी मर्यादित कंपनी (यापुढे ‘सेवादार’) असे दोन पक्ष आहेत. त्यांची पूर्ण नावे, पत्ते व नोंदणी क्रमांक मूळ करारात दिल्याप्रमाणे आहेत. मूळ करारात दर ठरले आहेत. त्या दरांत कोणत्या दर्जाची सेवा मिळावी आणि ती न मिळाल्यास किती रक्कम वळती व्हावी, एवढाच या परिशिष्टाचा विषय आहे.

1. मुदत

हा करार 1 ऑक्टोबर 2025 ते 30 सप्टेंबर 2027 या काळासाठी राहील. पहिले दोन महिने, म्हणजे ऑक्टोबर व नोव्हेंबर 2025, सर्व मोजमापे घेतली जातील व अहवालही दिले जातील, परंतु कलम 4 व 5 खालील कपात होणार नाही. ही सवलत मालाच्या नुकसानीला, तुटीला किंवा शीतगृहातील तापमानाच्या अटीला लागू नाही, कारण या गोष्टी सेवादाराने पहिल्या दिवसापासून सांभाळायच्या आहेत.

2. सेवेची व्याप्ती

सेवादाराने हळदीची पोती कुपवाडच्या गोदामात व बेदाण्याचे बॉक्स मिरजेच्या शीतगृहात उतरवून घ्यावेत, लॉटनिहाय लावावेत आणि पेढीच्या ऑर्डरप्रमाणे पुणे, मुंबई, नागपूर, हैदराबाद, बेंगळुरू व इंदूर येथील खरेदीदारांना पोचवावेत. हळद व बेदाणा एका खोलीत ठेवू नयेत किंवा एका गाडीत भरू नयेत, कारण हळदीचा वास बेदाण्याला लागला तर तो माल त्या भावात विकला जात नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 खालील परवाना दोन्ही जागांसाठी सेवादाराच्या नावे चालू असला पाहिजे. परवाना खंडित झाल्यास तो पुन्हा सुरू होईपर्यंतचे साठवण भाडे आकारले जाणार नाही.

3. अंदाज आणि क्षमता

पेढी पुढील महिन्याचा आवक-जावकीचा अंदाज दर महिन्याच्या 25 तारखेपर्यंत ई-मेलने कळवील. अंदाजाच्या 120 टक्क्यांपर्यंतचे काम ठरलेल्या दर्जाने करणे सेवादारावर बंधनकारक राहील. त्यावरच्या कामाला सेवा दिली जाईल, पण ते काम मोजमापात धरले जाणार नाही. नव्या मालाची आवक आणि दिवाळीआधीची बेदाण्याची मागणी दरवर्षी येते, त्यामुळे ‘हंगामात गर्दी होती’ ही सबब या कलमाच्या मर्यादेपलीकडे ऐकली जाणार नाही.

4. वेळेत व पूर्ण पोच

या करारातील मुख्य मोजमाप हेच आहे. ठरलेल्या दिवशी, ऑर्डरमधील पूर्ण नगसंख्येने, योग्य लॉटचा माल, सुस्थितीत खरेदीदाराच्या दारी पोचला तरच ती खेप ‘वेळेत व पूर्ण’ धरली जाईल. चारपैकी एक बाब चुकली तरी ती खेप चुकलेली मानली जाईल. दुपारी 12 पूर्वी आलेल्या ऑर्डरची गाडी त्याच दिवशी रात्री 9 पर्यंत निघाली पाहिजे व त्यानंतर आलेल्या ऑर्डरची दुसऱ्या दिवशी. पुणे व मुंबईसाठी गाडी निघाल्याचा दुसरा दिवस, बेंगळुरू व हैदराबादसाठी तिसरा आणि नागपूर व इंदूरसाठी चौथा दिवस ही पोचेची मुदत राहील. मासिक लक्ष्य 97 टक्के आहे आणि ते पुढीलप्रमाणे काढले जाईल:

वेळेत व पूर्ण पोच (%) = (वेळेत व पूर्ण पोचलेल्या खेपा ÷ मोजणीस पात्र खेपा) × 100

पेढीने बिल किंवा ई-वे बिलाची माहिती उशिरा दिलेल्या, खरेदीदाराने ठरल्या वेळी माल उतरवून न घेतलेल्या, आणि कलम 9 खाली येणाऱ्या खेपा पात्र संख्येतून वगळल्या जातील. खरेदीदाराकडे गाडी थांबून राहिल्याचा दावा करायचा असल्यास सेवादाराने गाडी पोचल्याची वेळ त्याच दिवशी जीपीएस नोंदीसह कळवावी. नंतर आठवलेली कारणे धरली जाणार नाहीत. ई-वे बिलाची मुदत दर 200 किलोमीटर किंवा त्याच्या भागाला एक दिवस अशी असते. गाडी सेवादाराकडून रखडल्यामुळे ती मुदत संपली तर मुदतवाढ घेण्याची जबाबदारी व ती न घेतल्याने होणारा शासकीय दंड सेवादाराचा राहील.

97 टक्क्यांखाली प्रत्येक पूर्ण किंवा अपूर्ण टक्क्याला त्या महिन्याच्या वाहतूक बिलाच्या 1.5 टक्के रक्कम कापली जाईल. उदाहरणार्थ, एखाद्या महिन्यात 240 खेपा झाल्या, त्यांपैकी 8 वगळल्या गेल्या आणि उरलेल्या 232 पैकी 220 वेळेत व पूर्ण पोचल्या, तर प्रमाण 94.83 टक्के येते. तूट 2.17 टक्क्यांची असल्याने ती तीन टक्के धरली जाईल, आणि वाहतूक बिल 5,20,000 रुपये असल्यास 4.5 टक्क्यांप्रमाणे 23,400 रुपये कापले जातील. आकडा दोन दशांशांपर्यंतच काढावा.

5. साठ्याचा मेळ, आवक नोंद व पोचपावती

दर आठवड्याला पेढी निवडील त्या 20 लॉटची मोजणी दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर होईल. नोंदीशी तंतोतंत जुळलेल्या लॉटचे मासिक प्रमाण किमान 99 टक्के असावे. त्याखाली गेल्यास साठवण बिलातून 3 टक्के कपात होईल. जास्त निघालेली पोतीही चूकच धरली जातील, कारण एका लॉटमध्ये जास्त म्हणजे बहुधा दुसऱ्या लॉटमध्ये कमी. हळदीच्या वजनात ओलाव्यामुळे होणारी 0.25 टक्क्यापर्यंतची घट ग्राह्य आहे. नगसंख्येत कोणतीही घट ग्राह्य नाही.

आलेला माल गाडी दारात लागल्यापासून 6 तासांत उतरवून त्याची नोंद संगणकात झाली पाहिजे. खरेदीदाराची सही व शिक्का असलेली पोचपावती स्कॅन करून 48 तासांत आणि मूळ प्रत 10 दिवसांत पेढीकडे यावी. पोचपावती नसलेल्या खेपेचे भाडे ती मिळेपर्यंत देय होणार नाही, म्हणून तिच्यासाठी वेगळी कपात ठेवलेली नाही.

6. शीतगृह

बेदाण्याच्या खोलीचे तापमान 3 ते 6 अंश सेल्सिअस राखावे. प्रत्येक खोलीत दोन डेटा लॉगर असावेत, एक दाराजवळ व एक सर्वांत आतल्या थप्पीत, आणि दर 15 मिनिटांची नोंद पेढीला स्क्रीनवर दिसावी. तापमान सलग 2 तासांहून अधिक 6 अंशांवर राहिल्यास तो एक भंग धरला जाईल व त्यासाठी 10,000 रुपये कापले जातील. सलग 12 तासांवर गेल्यास 40,000 रुपये कापले जातील आणि त्या खोलीतील मालाची तपासणी सेवादाराच्या खर्चाने होईल. वीज गेली हे कारण चालणार नाही, कारण जनरेटर व त्याचे डिझेल साठवण दरात धरलेले आहे. नोंदीत एका तासाहून अधिक खंड पडल्यास, त्या काळात तापमान योग्य होते हे सेवादाराने सिद्ध करेपर्यंत तो भंगच मानला जाईल.

हिरवा बेदाणा उष्णतेने तांबूस पडतो आणि एकदा गेलेला रंग परत येत नाही. थंड बॉक्स एकदम उघड्या हवेत उघडले तर त्यांना घाम सुटून माल चिकट होतो. म्हणून शीतगृहातून काढलेले बॉक्स बंद स्थितीतच भरावेत आणि पेढीच्या माणसाशिवाय कोणीही नमुन्यासाठी फोडू नयेत.

7. तूट, फूट व नुकसान

सेवादाराच्या ताब्यात असताना हरवलेल्या, भिजलेल्या, किडलेल्या किंवा रंग गेलेल्या मालाची भरपाई त्या लॉटच्या खरेदी बिलातील भावाने अधिक प्रत्यक्ष झालेल्या प्रक्रिया खर्चाने द्यावी लागेल. ही भरपाई कलम 4, 5 व 6 मधील कपातीपासून वेगळी असून तिला कलम 8 ची मर्यादा लागू नाही. मात्र एकाच घटनेत शीतगृहाची कपात व मालाची भरपाई दोन्ही लागत असतील, तर कपातीची रक्कम भरपाईतून वजा केली जाईल. एका नुकसानीचे पैसे दोनदा घेण्याचा पेढीचा हेतू नाही. वाहतुकीतील नुकसानीची नोटीस रस्ते वाहतूक कायदा, 2007 मधील 180 दिवसांच्या मुदतीत दिली जाईल.

8. कपातीची मर्यादा व स्वरूप

कोणत्याही महिन्यातील कलम 4, 5 व 6 खालील एकूण कपात त्या महिन्याच्या एकूण सेवा बिलाच्या 10 टक्क्यांहून अधिक होणार नाही व उरलेली रक्कम पुढील महिन्यात ओढली जाणार नाही. या रकमा म्हणजे उशीर, परत आलेला माल आणि खरेदीदाराने कापलेले पैसे यांतून होणाऱ्या नुकसानीचा दोन्ही पक्षांनी आधी केलेला वाजवी अंदाज आहे आणि भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार त्या भरपाईची कमाल मर्यादा आहेत, हे दोघांनाही मान्य आहे.

सेवादार प्रत्येक महिन्याचा अहवाल पुढील महिन्याच्या 5 तारखेपर्यंत देईल, पेढी 10 तारखेपर्यंत आक्षेप कळवील आणि 15 तारखेपर्यंत आकडा पक्का होऊन रक्कम बिलातून वळती होईल. वादात असलेली रक्कमच रोखता येईल. उरलेले बिल पेढीने 30 दिवसांत चुकते करावे, अन्यथा त्यावर वार्षिक 12 टक्के व्याज लागेल. कपातीनंतरच्या सलग तीन महिन्यांत पोच 98.5 टक्के किंवा अधिक राहिल्यास त्या कपातीची निम्मी रक्कम सेवादाराला परत मिळेल.

9. पूर व इतर अटळ प्रसंग

कृष्णेचा पूर सांगलीला अनपेक्षित नाही. 2005, 2019 व 2021 चे पूर दोन्ही पक्षांनी पाहिलेले आहेत. म्हणून ‘पूर आला’ एवढ्यावर जबाबदारी संपणार नाही. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट व धोका पातळी 45 फूट आहे. पाणी 35 फुटांवर पोचून चढते असल्यास सेवादाराने पेढीला त्याच तासात कळवावे, पुढील चार दिवसांच्या ऑर्डर आधी काढाव्यात आणि पेठ नाक्याऐवजी तासगाव-विटा मार्गे गाड्या पाठवण्याची तयारी ठेवावी. जादा अंतराचे भाडे पेढी देईल. ही पावले उचलल्यावरही रस्ते बंद राहिले तर तेवढ्या खेपा मोजणीतून वगळल्या जातील. न उचलल्यास वगळल्या जाणार नाहीत. जूनपासून सप्टेंबरअखेर गोदामातील सर्वांत खालची थप्पी लाकडी पॅलेटवरच असावी.

शासकीय संचारबंदी, राज्यव्यापी वाहतूक संप व भूकंप यांनाही सूट राहील. सेवादाराच्या स्वतःच्या हमालांचा किंवा चालकांचा संप तिच्यात येत नाही.

10. वारंवार भंग

वेळेत व पूर्ण पोच सलग तीन महिने, किंवा कोणत्याही बारा महिन्यांत पाच महिने, 92 टक्क्यांखाली गेल्यास पेढीला 30 दिवसांच्या लेखी नोटिशीने करार संपवता येईल. त्याआधी सेवादाराने कारणे व सुधारणेचा आराखडा 10 दिवसांत द्यावा आणि तो पाहून पेढीने एक महिना थांबावे. करार संपल्यावर सेवादाराने माल 15 दिवसांत मोजून परत द्यावा. थकीत व वादरहित भाड्यापुरताच माल अडवता येईल, संपूर्ण साठा नाही.

11. वाद

वाद प्रथम पेढीचा एक भागीदार व सेवादाराचा एक संचालक यांनी 15 दिवसांत बसून सोडवावा. न सुटल्यास लवाद व सलोखा कायदा, 1996 नुसार दोघांच्या संमतीने नेमलेल्या एका लवादाकडे जावे. लवादाचे स्थान सांगली, भाषा मराठी राहील. वाद चालू असतानाही गाड्या व शीतगृह थांबवता येणार नाही.

हा करार दोन प्रतींत असून दोन्ही प्रतींवर पेढीचे अधिकृत भागीदार व सेवादाराचे अधिकृत संचालक यांनी दोन साक्षीदारांसमोर सह्या केल्या आहेत.