डाव्या पायाचा अंगठा

दार लागलं आणि घरात आजी आणि अकरा आठवड्यांची छकुली अशा दोघीच उरल्या. लेकीची अक्कलदाढ काढायची होती, जावई तिच्यासोबत गेला होता. तान्हं मूल एकटीने सांभाळून आजीला ३३ वर्षं झाली होती, आणि ते मूल आत्ताच चपला घालून बाहेर पडलं होतं.

पावणेअकराला छकुली मूठ चोखायला लागली. आजी लगेच उठली. रडं सुरू झालं की बाळ बाटली नीट धरत नाही. फ्रीजमध्ये लेकीने काढून ठेवलेलं दूध होतं, ९० मिली. वर सायीचा थर आलेला. बाटली गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवून आजीने ती अलगद गोल फिरवली. मायक्रोवेव्ह नकोच, त्यात दूध मध्येच एखाद्या जागी चटका बसेल इतकं तापतं आणि बाटली बाहेरून कोमटच लागते. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकला. ना गार, ना गरम.

छकुलीने निपल जिभेने बाहेर ढकललं. दोनदा. मग आजीने तिला आडवी न धरता जरा बसती केली, बाटली जवळजवळ आडवी ठेवली आणि निपल वरच्या ओठाला नुसतं टेकवून थांबली. तोंड आपोआप उघडलं. मध्ये एकदा ढेकर काढला. ७० मिलीवर छकुलीने मान फिरवली. आजीचा हात पुन्हा बाटलीकडे गेला, पण तिने तो आवरला. मान फिरवली म्हणजे पोट भरलं.

निजवताना जुन्या सवयीने तिने बाळाला पालथं घातलं आणि तिचं तिलाच लक्षात आलं. उताणं. उशी नाही, दुलई नाही, सपाट घट्ट गादी.

वीस मिनिटांनी किंकाळी आली. भुकेचं रडं चढत जातं, हे एकदम वरच्या पट्टीत सुरू झालं. लंगोट कोरडा. काखेत थर्मामीटर ३६.८. खांद्यावर घेतलं, फिरवलं, काही उपयोग नाही. आजीने चष्मा लावला आणि एकेक कपडा उतरवला. डावा मोजा काढला तर अंगठा लाल, टपोरा, आणि मुळाशी बारीक खाच.

केस. बाळंतपणानंतर लेकीचे केस झडत होते, एक मोज्यात गेला होता आणि अंगठ्याला आवळून बसला होता. टोक अजून दिसत होतं. केस मांसात रुतलेला असता तर तिने हातही न लावता थेट दवाखाना गाठला असता. फोन मांडीवरच होता. नखाने सैल करत तिने एक वेढा सोडवला, उजेडात पुन्हा पाहिलं, दुसराही होता. तोही सोडवला. अंगठा दाबून सोडला, पांढरा झाला, लगेच गुलाबी झाला. सूज मात्र उतरायला वेळ लागला, तोवर तिने अंगठ्यावरून नजर हटवली नाही.

छकुली हुंदके देत देत निजली. आजीने टोपलीतले सगळे मोजे उलटे करून उजेडात तपासले.

साडेबाराला फोन वाजला. लेकीचा आवाज सुजलेल्या गालातून जडपणे येत होता. "आई, झोपलीय का गं?"

"झोपलीय. घरी आलीस की आधी केस घट्ट बांध, मग तिला घे."